उष्णतेच्या प्रकरणाचा सूत्रतक्ता : आधी एकक, मग सूत्र

दहावीत असताना ‘उष्णता’ या प्रकरणाचा मी तयार केलेला पहिला तक्ता दिसायला फार देखणा होता. राशी, चिन्ह, एकक आणि सूत्र असे चार रकाने पट्टीने आखले होते, मथळे लाल शाईने लिहिले होते आणि परीक्षेआधी महिनाभर तो कागद आमच्या शाहूपुरीतल्या घराच्या भिंतीवर होता. तरीही सराव परीक्षेत बर्फाचे एक साधे उदाहरण माझे सपशेल चुकले. ० अंश सेल्सिअसच्या बर्फाचे ० अंशाच्याच पाण्यात रूपांतर करण्यास किती उष्णता लागेल, असा तो प्रश्न होता. मी Q = m × c × ΔT हे सूत्र लिहिले, तापमानातील बदल शून्य आहे हे पाहिले आणि लागणारी उष्णता शून्य असे उत्तर लिहून मोकळा झालो. अप्रकट उष्म्याचे सूत्र मला पाठ नव्हते असे नाही. ते भिंतीवरच्या तक्त्यात त्याच्या खालच्याच ओळीत होते. कोणते सूत्र केव्हा वापरायचे हे मात्र तो तक्ता मला सांगू शकला नाही.

पुढे पदविकेचे शिक्षण घेताना संध्याकाळी गल्लीतील मुलांना शिकवू लागलो, तेव्हा तोच तक्ता पुन्हा काढून बघितला आणि दोष लक्षात आला. एककाचा रकाना मी सर्वांत शेवटी, शेजारच्या मित्राच्या वहीतून उतरवून घेतला होता. प्रत्यक्षात या प्रकरणात तोच रकाना सर्वांत बोलका आहे. सध्या मी मुलांकडून जो तक्ता लिहून घेतो, तो असा :

| राशी | चिन्ह | एकक | सूत्र |
|---|---|---|---|
| उष्णता | Q | cal | पुढील सूत्रांनी काढतात |
| वस्तुमान | m | g | मोजतात |
| तापमानातील बदल | ΔT | °C | मोठे तापमान − लहान तापमान |
| विशिष्ट उष्माधारकता | c | cal/(g·°C) | Q = m × c × ΔT |
| विशिष्ट अप्रकट उष्मा | L | cal/g | Q = m × L |
| निरपेक्ष आर्द्रता | — | kg/m³ | बाष्पाचे वस्तुमान ÷ हवेचे आकारमान |
| सापेक्ष आर्द्रता | — | % | (हवेतील बाष्प ÷ हवा संपृक्त करण्यास लागणारे बाष्प) × १०० |

आता चौथ्या आणि पाचव्या ओळीतील एककांकडे नीट पाहावे. विशिष्ट उष्माधारकतेचे एकक कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस असे आहे. त्यातून नुसती कॅलरी मिळवायची असेल तर ग्रॅमने आणि अंशाने गुणल्यावाचून गत्यंतर नाही, म्हणजे m आणि ΔT ही दोन्ही चिन्हे सूत्रात आलीच पाहिजेत. अप्रकट उष्म्याच्या एककात मात्र अंश सेल्सिअस कुठेच नाही, म्हणून तेथे केवळ ग्रॅमने गुणायचे आणि ΔT चा संबंधच येत नाही. एककात अंश नसण्याला भौतिक अर्थ आहे. बर्फ वितळत असताना किंवा पाण्याची वाफ होत असताना दिलेली उष्णता कणांमधील बंध सैल करण्यात खर्च होते, तापमापीतील पारा त्या वेळी हलत नाही आणि म्हणूनच तिला ‘अप्रकट’ म्हणतात. ही कल्पना जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात मांडली. माझ्या शून्य उत्तराचा उलगडा एवढ्या एका रकान्यात होता.

हा फरक मुलांना पटवायला मी गुऱ्हाळाचे उदाहरण देतो, कारण हंगामात आमच्याकडच्या बहुतेकांनी ते पाहिलेले असते. काहिलीखाली जाळ सतत चालू असतो, तरी रस उकळू लागल्यावर बराच वेळ त्याचे तापमान फारसे चढत नाही, कारण जाळाची बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. पण हे उदाहरण एका मर्यादेपर्यंतच चालते, हेही त्याच वेळी सांगावे लागते. रस हे शुद्ध पाणी नव्हे. पाणी आटत जाते तसा साखरेचा अंश वाढतो आणि उकळण्याचे तापमानही शंभर अंशांच्या वर सरकत जाते, म्हणूनच काहील केव्हा उतरवायची हे गुळव्याला पारखावे लागते. तक्त्यातील Q = m × L हे सूत्र शुद्ध पदार्थाच्या एका ठरावीक तापमानाला होणाऱ्या अवस्थांतरासाठी आहे.

तक्त्याच्या खाली, रकान्यांच्या बाहेर, एक वाक्य स्वतंत्रपणे लिहावे : उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता = थंड वस्तूने ग्रहण केलेली उष्णता. हे उष्णता विनिमयाचे तत्त्व आहे. त्यात नवी राशी नाही, म्हणून त्याला ओळ देता येत नाही, आणि बाहेरच्या हवेला उष्णता जात नसेल तरच ते लागू पडते.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. तांब्याच्या १०० ग्रॅम वस्तुमानाच्या कॅलरीमापीमध्ये ३० अंश सेल्सिअस तापमानाचे २०० ग्रॅम पाणी आहे आणि त्यात ० अंशाचा २० ग्रॅम बर्फ टाकला आहे. मिश्रणाचे अंतिम तापमान काढायचे आहे. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता सोयीसाठी ०.१, पाण्याची १ आणि बर्फाच्या वितळण्याचा विशिष्ट अप्रकट उष्मा ८० घेऊ, सर्व एकके तक्त्यातलीच. अंतिम तापमान T मानले, तर पाणी आणि कॅलरीमापी हे दोघेही ३० वरून T पर्यंत थंड होतात, आणि त्यांनी गमावलेली उष्णता (२०० × १ + १०० × ०.१) × (३० − T), म्हणजे २१० × (३० − T) कॅलरी होते. बर्फाची बाजू दोन टप्प्यांची आहे. तो आधी वितळतो, त्यासाठी २० × ८० म्हणजे १६०० कॅलरी लागतात. आणि वितळून झालेले २० ग्रॅम पाणी पुढे ० पासून T पर्यंत तापते, त्यासाठी २० × १ × T कॅलरी लागतात. दोन्ही बाजू समान मांडल्या की :

६३०० − २१०T = १६०० + २०T
४७०० = २३०T
T = २०.४ °C (सुमारे)

चुकीचे उत्तर कोणत्या टप्प्यावर चुकले हे त्या उत्तराच्या आकड्यावरून ओळखता येते. सुमारे २७.४ अंश आले, तर वितळण्याचा टप्पा विसरला. सुमारे २२.४ आले, तर वितळलेल्या पाण्याला पुढे तापवायचे राहून गेले; ही चूक सर्वांत जास्त होते, कारण बर्फ वितळला की आपले काम संपले असे मनाला वाटते. तिसरी चूक मात्र फसवी आहे. कॅलरीमापी हिशेबात धरायची राहिली तर ४४०० भागिले २२०, म्हणजे अगदी बरोबर २० अंश येतात, आणि असे गोंडस पूर्णांकी उत्तर पाहून विद्यार्थी पुन्हा तपासायला जात नाही. माझ्या अनुभवात या प्रकरणात गोल उत्तराकडेच अधिक संशयाने पाहावे.

याच उदाहरणात बर्फ २० ऐवजी १०० ग्रॅम घेतला तर काय होते, हेही एकदा करून पाहण्यासारखे आहे. तेच समीकरण यांत्रिकपणे मांडले की T उणे साडेपाच अंशांच्या आसपास येते, म्हणजे पाणी द्रवरूपात राहून शून्याखाली गेले, असा अर्थ निघतो. गणितातली बेरीज-वजाबाकी बरोबरच असते. चुकलेले असते ते ‘सगळा बर्फ वितळला’ हे आपण न सांगता धरलेले गृहीतक. पाणी आणि कॅलरीमापी ३० वरून ० पर्यंत येताना जास्तीत जास्त ६३०० कॅलरी देऊ शकतात, तर सगळा बर्फ वितळायला ८००० कॅलरी हव्यात. म्हणून फक्त ६३०० भागिले ८०, म्हणजे सुमारे ७८.८ ग्रॅम बर्फ वितळतो, उरलेला तसाच राहतो आणि मिश्रण ० अंशावरच थांबते. बर्फाचे वस्तुमान बरेच असेल, तेव्हा समीकरणाआधी ही तपासणी करावी.

एककांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. कॅलरी प्रति ग्रॅम आणि किलोकॅलरी प्रति किलोग्रॅम या दोहोंत आकडा सारखाच राहतो, कारण वरही हजार आणि खालीही हजार. त्यामुळे पुस्तकात ८० किलोकॅलरी प्रति किलोग्रॅम दिसले तरी वस्तुमान ग्रॅममध्ये ठेवून गुणाकार करता येतो, पण येणारे उत्तर कॅलरीमध्ये असते. ते किलोकॅलरी म्हणून लिहिले की हजारपटीने चुकते. ज्यूलमध्ये मात्र आकडाच बदलतो. १ कॅलरी म्हणजे ४.१८ ज्यूल असल्याने बर्फाचा अप्रकट उष्मा सुमारे ३३४ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम होतो. मी मुलांना एका पानावर एकच पद्धत ठेवायला सांगतो. कॅलरीचा तक्ता वेगळा आणि ज्यूलचा वेगळा. दोन्ही एकाच रकान्यात तिरकी रेघ मारून लिहिले, की ऐन परीक्षेत एक आकडा इकडचा आणि दुसरा तिकडचा उचलला जातो. ΔT मात्र सेल्सिअसमध्ये घ्या वा केल्व्हिनमध्ये, फरकाचा आकडा तोच राहतो; तेथे २७३ मिळवण्याचा उत्साह दाखवू नये.

चिन्हांबद्दल थोडक्यात सांगायचे तर T म्हणजे तापमान आणि t म्हणजे वेळ, त्यामुळे हस्ताक्षरात ती वेगळी दिसली पाहिजेत.

शेवटच्या दोन ओळींपैकी एकच ओळ एककाच्या युक्तीला दाद देते. निरपेक्ष आर्द्रतेचे एकक किलोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तेव्हा तिचे सूत्र एककातून निघते. सापेक्ष आर्द्रता मात्र दोन वस्तुमानांचे गुणोत्तर आहे. वरचे आणि खालचे एकक परस्परांना छेदते, आणि खाली काय घ्यायचे हे एकक सांगत नाही. खाली त्याच तापमानाला तेवढ्याच आकारमानाची हवा संपृक्त करण्यास लागणारे बाष्प घ्यायचे असते. पन्हाळ्यावर पहाटे धुके दाटते तेव्हा हवेतले बाष्प वाढलेलेच असते असे नाही; हवा थंड झाल्याने खालचा आकडा कमी होत जातो आणि दवबिंदू तापमानाला गुणोत्तर १०० टक्क्यांवर पोहोचते. या एका ओळीचे सूत्र पाठच करावे लागते.

उजळणीच्या वेळी मी सूत्राचा रकाना पुठ्ठ्याच्या पट्टीने झाकून ठेवायला सांगतो आणि केवळ एककाकडे पाहून सूत्र लिहायला लावतो. चौथी आणि पाचवी ओळ बरोबर आली, की वरचे बर्फाचे उदाहरण आकडे बदलून पुन्हा एकदा सोडवून घेतो, आणि त्या वेळी कॅलरीमापी मुद्दाम ॲल्युमिनिअमची देतो, म्हणजे ०.१ हा आकडा सवयीने लिहिणारे लगेच सापडतात.