माठ धुवायला काढण्याआधी

आधी दिवस ठरवा. लागोपाठ तीन दिवस कडक ऊन मिळणार असेल तरच माठ धुवायला काढा. ठाण्यात त्यासाठी एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर धरा, आणि पिण्याच्या पाण्याची तेवढ्या दिवसांची दुसरी सोय करून ठेवा. गेल्या वर्षी मी माठ सकाळी घासला, संध्याकाळपर्यंत बाल्कनीत ठेवला, बाहेरून फिकट दिसला म्हणून झाकण लावून आठ दिवस गावाला गेले. परत येऊन झाकण काढलं तर ओल्या तळघरासारखा वास. सगळी मेहनत वाया गेली, कारण वाळवणं अर्धवट राहिलं होतं. म्हणून पहिल्या ओळीपासून तेच सांगते आहे: पूर्ण वाळवायचा.

साहित्य फार नाही. नारळाची शेंडी, मूठभर जाडं मीठ, कोमट पाणी, दोन विटा आणि वजनकाटा. साबण नको. भांड्यांचं लिक्विड तर अजिबात नको. माठाची भिंत सच्छिद्र असते, त्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर वाऱ्यावर उडतं, म्हणून तर आतलं गार होतं. साबण त्याच छिद्रांत शिरतो आणि कितीही विसळला तरी पाण्याला चव येत राहते. घासायची बारीक पावडर छिद्रांत जाऊन बसते. तारेची घासणी भिंत खरवडते, वर तिचे तुकडे आत अडकून गंजतात.

आता बुळबुळीत थर. मूळ कारण असं की आपण माठ रिकामा न करताच वरून भरत राहतो, आणि बुडाला व पाण्याच्या रेषेला जंतूंचा पातळ थर धरतो. बोट फिरवलंत की लगेच कळेल, पाणी स्वच्छ दिसत असलं तरी बोट घसरतं. माठ पूर्ण रिकामा करा. ओल्या शेंडीवर जाडं मीठ घेऊन आतून गोल गोल घासा, बुडाला जास्त वेळ द्या. बोट घसरायचं थांबून मातीचा खरखरीतपणा हाताला लागला की थर गेला. मीठ लगेच, चार-पाच पाण्यांनी विसळून काढा. रात्रभर मिठाचं पाणी भरून ठेवू नका, कारण ते भिंतीत मुरतं, वाळताना आतच खडे धरतं, छिद्रं बुजतात आणि पोपडे सुटतात. उकळतं पाणी गार माठात ओतू नका, तडा जाईल. तोटी असेल तर काढून तिच्या रबरी चकतीमागे बोट घाला, तिथेही हाच बुळबुळीतपणा असतो.

बाहेरून पांढरे डाग दिसत असतील तर तो पाण्यातला क्षार आहे. एक वाटी व्हिनेगर, चार वाट्या पाणी, फडक्याने टिपा, पाच मिनिटांनी धुवा. माठ वाळल्यावर तिथे पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला गेला तर छिद्रं उघडी आहेत, नुसताच ओघळला तर अजून क्षार आहे.

आणि आता वाळवणं, माझं चुकलं ते. माठ उपडा करून जमिनीवर टेकवू नका, तोंडाशी वारा कोंडतो. दोन विटांवर थोडा तिरका उपडा ठेवा, म्हणजे आत हवा खेळते. आमच्या बाल्कनीत ऊन अकरापर्यंतच, म्हणून या वेळी गच्चीची किल्ली मागून घेतली. बाहेरच्या रंगावर विश्वास ठेवू नका! भिंत आतून ओली असते, बूड तर सगळ्यात उशिरा वाळतं. वजन करा. माझा माठ धुतल्यावर 3 किलो 600 ग्रॅम होता. पहिल्या संध्याकाळी 3 किलो 450, दिसायला अगदी कोरडा. दुसऱ्या संध्याकाळी 3 किलो 250. तिसऱ्या दिवशीही तेवढाच. वजन उतरायचं थांबलं तेव्हाच तो वाळला. म्हणजे पहिल्या संध्याकाळी भिंतीत अजून 200 ग्रॅम, फुलपात्रभर पाणी होतं, आणि गेल्या वर्षी त्याच अवस्थेत मी झाकण लावलं होतं. काटा नसेल तर उन्हात तापलेला माठ सावलीत आणून तोंडावर स्टीलची ताटली उपडी ठेवा. तासाभराने आतून दव दिसलं तर अजून वाळवा.

भरताना पहिलं पाणी दिवसभर ठेवून झाडांना घाला. नव्या मातीचा सौम्य वास राहिला तर राहू द्या, कुबट वास आला तर पुन्हा उन्हात. रोज सकाळी रिकामा करून भरा. पावसाळ्यात ठेवून द्यायचा असेल तर कोरडा, आणि बिनझाकणाचा.