मोहरीच्या तेलाची बंगाली जिंगल अडखळत होती, ती अशी सुटली

३० सेकंदांच्या रेडिओ जाहिरातीत ही ओळ होती: 'खाँटि शोर्शेर तेलेर गुने रान्ना हॉय शुश्शादू'. म्हणजे अस्सल मोहरीच्या तेलाच्या गुणाने स्वयंपाक सुस्वादू होतो. अर्थ ठीक, पण गाताना 'हॉय' उगाच ताणावं लागे.

बंगाली बडबडगीतांची चाल चार-चार अक्षरांच्या ठेक्यावर चालते आणि शेवटी बहुधा एक-दोनच उरतात. अक्षरं उच्चारानुसार मोजायची: 'शोर्', 'इ', 'लिश' प्रत्येकी एक. वरच्या ओळीत ४, ४, ३, ३ पडत होते, म्हणून ठेका तिसऱ्या गटात कोसळे. शिवाय 'सुस्वादू' ऐकून कुणाला भूक लागते? वास सांगावा.

नव्या ओळी:

शोर्शे तेले / इलिश भाजा / गोन्धे भोरे / पाड़ा
मा डेकेछे / खेते बोशो / आर कोरो ना / ताड़ा

(मोहरीच्या तेलात इलिश मासा तळतोय, गल्ली घमघमली, आई जेवायला बोलावतेय, घाई नको.)

एक गट साधारण एक सेकंद, म्हणजे दोन ओळींना आठ; दोनदा गाऊन सोळा.

दुसरी अडचण सुरुवातीच्या आवाजाची. नुसता तळणाचा चुर्र रेडिओवर पावसासारखा वाटतो. म्हणून तीन सेकंदांनंतर लगेच आजीचा आवाज: 'बौमा, इलिश नाकि?' म्हणजे सूनबाई, इलिश का? सून हसून म्हणते, 'हँ मा, आपनार छेलेर आब्दार!' म्हणजे तुमच्याच लेकाचा हट्ट. एवढ्यात घर उभं राहतं. संवादाला सहा सेकंद पुरतात. उरलेल्या पाचांत ब्रँडचं नाव, गाण्यात न कोंबता, साधं बोलून.