उन्हाळ कांद्याची काढणी आणि मोबाईलमधलं ऊन

कांद्याची निम्मी मान पडली की काढणीची घाई सुरू होते. यंदा ज्यांनी पहिल्यांदाच हवामान आणि बाजारभावाचं अ‍ॅप घेतलंय, त्यांच्यासाठी माझा गेल्या एप्रिलचा अनुभव सांगतो. चांदवड तालुक्यात माझा दोन एकर उन्हाळ कांदा होता. अ‍ॅप थोरल्या पोराने टाकून दिलं होतं आणि महिनाभर ते बरोबरही निघालं. पाणी तोडायचा दिवस मी त्यावर बघूनच ठरवला. काढणीच्या १५ दिवस आधी पाणी बंद केलं आणि जमीन छान वाफशावर आली.

काढलेला कांदा चार दिवस वावरातच पातीखाली सुकवला. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल अशी मांडणी केली की ऊन थेट लागत नाही आणि पत्तीचा रंग टिकतो. मग दोन बोटं मान ठेवून पात कापायची, कांदा सावलीत दहा-बारा दिवस सुकवायचा आणि नंतर चाळीत भरायचा. एका एकराची कापणी झाली होती, ढीग वावरातच होते. दुसऱ्या एकराचा कांदा अजून पातीसकट पडलेला.

त्या सकाळी अ‍ॅपवर सूर्याचं चित्र होतं आणि पावसाची शक्यता २० टक्के. भावाच्या पानावर लासलगावचा कमाल भाव १,९०० रुपये क्विंटल दिसला. मी मजुरांना म्हटलं, ढीग शेडमध्ये उद्या नेऊ, आज एक पिकअप भरून टाका. बायको म्हणाली, "अहो, ताडपत्री तरी ओढून जा." मी मोबाईल दाखवला.

लिलावात माझा माल १,३५० ला गेला. कमाल भाव हा एखाद-दुसऱ्या निवडक वाहनाचा असतो, बहुतेकांना मिळतो तो सर्वसाधारण भावाच्या आसपासचा. शिवाय सकाळी दिसतो तो बहुधा आदल्या दिवशीचा. हे कळायला मला अख्खा दिवस आणि डिझेल लागलं. पण खरा फटका वावरात बसला. चारच्या सुमारास डोंगराकडून आभाळ भरून आलं, वारं सुटलं आणि वीस मिनिटं सरी कोसळल्या. मी पोहोचलो तेव्हा ढिगांच्या बुडाला पाणी साचलेलं.

रात्री पोराने मोबाईल हातात घेतला आणि पानाच्या वरचं नाव दाखवलं: नाशिक. फोन घेताना आम्ही शहरात होतो, तिथलंच ठिकाण बसलं होतं. चांदवड तिथून साठेक किलोमीटर. मात्र गावाचं नाव घातलेलं असतं तरी ढग टळला असता असं मी म्हणणार नाही. वळवाचा ढग दुपारच्या तापाने उठतो, एका शिवारात कोसळतो आणि शेजारचं कोरडं ठेवतो. आदल्या रात्रीच्या अंदाजात तो नेमका पकडता येत नाही. २० टक्के म्हणजे 'पडणार नाही' नव्हे. असे पाच दिवस आले तर एका दिवशी पडेल, एवढाच त्याचा अर्थ. ताडपत्री ओढायला अर्धा तास लागतो आणि ढीग भिजला तर हंगाम जातो, मग पाचात एक ही जोखीम मोठीच.

नुकसानीत एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी निघाली. पातीसकट पडलेला कांदा भिजूनही बराचसा वाचला. कापलेल्या मानेतून पाणी आत शिरतं, म्हणून ढिगातला कांदा आठवड्यात मानेशी मऊ पडू लागला आणि पत्तीवर काळी बुरशी आली. मी पहिल्या रात्री घाबरून ओल्या ढिगावरच प्लास्टिक टाकलं, तीही चूकच. आत वाफ धरली. सकाळी उघडून कांदा वाऱ्याला पातळ पसरला, तिसऱ्या दिवशी निवडला आणि मऊ निघाला तो फेकला. बाकीचा भिजलेला माल गोल्टीसकट लगेच विकला, भाव पडेल तो घेतला. भिजलेल्यातला एकही कांदा चाळीत घातला नाही, कारण एक सडका कांदा आजूबाजूचे दहा खातो.

यंदा मी काढणीच्या आदल्या रात्री ठिकाणाचं नाव आणि अंदाज कधी अद्ययावत झाला ती वेळ बघतो. दुपारी दोननंतर अंदाजाचं पान बंद करतो आणि हवामान खात्याचा तीन तासांचा तात्कालिक इशारा बघतो. वीज कुठे पडतेय हे दाखवणारं पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' अ‍ॅपही उघडं ठेवतो. २० ते ४० किलोमीटरवर वीज दिसली की हातातलं काम सोडून ताडपत्री. आणि पात तेवढीच कापायची, जेवढा कांदा त्याच संध्याकाळी शेडखाली जाईल. सात मजुरांच्या टोळीला आमच्याकडे ते साधारण दहा गुंठ्यांचं काम भरतं.