रशियन भाषांतरात ‘पेक्षा’ आलं की या चुका टाळा

रशियन शिकणाऱ्या मराठी लोकांच्या वह्या बघितल्या की तुलनेच्या वाक्यात चूक बहुतेक वेळा एकाच जागी सापडते. विशेषणाचं रूप पाठ असतं, बोल्शे, लुच्शे, दोरोझे सगळं येतं, पण ‘पेक्षा’च्या आधीचं नाम कुठल्या विभक्तीत टाकायचं तिथे गाडी अडकते आणि मग सवयीने सरसकट षष्ठी लावली जाते. (शब्दांची शेवटं नीट दिसावीत म्हणून रशियन शब्द इथे बऱ्यापैकी अक्षराला धरून लिहिलेत, बोलताना बरेच ‘ओ’ ‘आ’सारखे होतात ते तुम्हाला माहीतच असेल.)

आधी सोपं वाक्य घेऊ, मॉस्को पीटर्सबर्गपेक्षा मोठं आहे. हे दोन प्रकारे होतं. मोस्क्वा बोल्शे पेतेर्बुर्गा, म्हणजे ‘पेक्षा’ सांगणारा चेम हा शब्द नाही, स्वल्पविराम नाही आणि पीटर्सबर्ग षष्ठीत. किंवा मोस्क्वा बोल्शे, चेम पेतेर्बुर्ग, इथे चेमच्या आधी स्वल्पविराम हवाच आणि पीटर्सबर्ग प्रथमेत. दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती दोन्हीची खिचडी केल्यावर, बोल्शे चेम पेतेर्बुर्गा असं, कारण चेम स्वतः कुठलीच विभक्ती मागत नाही, तो फक्त दोन बाजू जोडतो आणि समोरच्या बाजूला जी विभक्ती असेल तीच मागच्या बाजूलाही राहते.

आणि खरी गंमत इथेच आहे, कारण मराठीतला ‘पेक्षा’ आधीची विभक्ती गिळून टाकतो. आपण म्हणतो, हिवाळ्यात पीटर्सबर्गपेक्षा मॉस्कोत जास्त थंडी असते. मॉस्कोला ‘त’ लागला पण पीटर्सबर्गला नाही, आपल्याला ते खटकतही नाही. आता हेच शब्दशः रशियनमध्ये नेलं की होतं ज़िमोय व मोस्क्वे होलोद्नेये पेतेर्बुर्गा, आणि हे चुकीचं आहे. एका बाजूला शहरात, दुसऱ्या बाजूला नुसतं शहर, ही तुलना रशियनमध्ये बसत नाही. बरोबर वाक्य: ज़िमोय व मोस्क्वे होलोद्नेये, चेम व पेतेर्बुर्गे. ‘व’ दोनदा आला, सप्तमी दोनदा आली.

मला तुझ्यापेक्षा अवघड जातं, याचंही तसंच. ‘तुझ्यापेक्षा’ बघून हात तेब्या या षष्ठीकडे जातो, पण इथे तुलना ‘मला’ आणि ‘तुला’ची आहे, म्हणून म्ने त्रुद्नेये, चेम तेबे, दोन्ही चतुर्थीत. म्हणून भाषांतराआधी एकच काम करा, ‘पेक्षा’ बाजूला काढून त्या शब्दाला त्याची मूळ विभक्ती परत द्या. तुझ्यापेक्षा म्हणजे इथे तुला, पीटर्सबर्गपेक्षा म्हणजे पीटर्सबर्गमध्ये. परत दिल्यावर तो शब्द कर्ता निघाला (किंवा वाक्य अगदी साधं असेल तर कर्म) तर नुसती षष्ठी चालते, बाकी कुठलीही विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय निघालं तर चेम वापरायलाच लागतं.

कर्माच्या बाबतीत मात्र जपून. ‘माझ्यापेक्षा तिचं त्याच्यावर जास्त प्रेम आहे’, हे मराठीतच दोन अर्थी आहे ना? रशियनमध्ये ओना ल्यूबित येवो बोल्शे मेन्या असं षष्ठीत लिहिलं की तोच गोंधळ तसाच पुढे जातो. चेम घातला की अर्थ पक्का होतो: चेम या म्हणजे मी त्याच्यावर करते त्यापेक्षा जास्त, चेम मेन्या म्हणजे माझ्यावर करते त्यापेक्षा जास्त. भाषांतर करणाऱ्याने मूळ संदर्भ बघून यातलं एक निवडायलाच हवं, माझ्या मते अशा वाक्यात षष्ठीच्या वाटेला जाऊच नये.

आता एक अख्खं वाक्य करून बघू. माझा भाऊ माझ्या बहिणीपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. पहिला खड्डा ‘मोठा’. आपल्याला वयाने मोठा आणि आकाराने मोठा एकच, रशियनमध्ये बोल्शे म्हटलं तर भाऊ अंगापिंडाने मोठा होतो, वयाला स्तार्शे. (उलट बाजूला लहान म्हणजे म्लाद्शे, मेन्शे नाही.) दुसरा खड्डा ‘दोन वर्षांनी’, नुसतं द्वा गोदा लिहून भागत नाही, आधी ‘ना’ लागतो: ना द्वा गोदा. दुप्पट-तिप्पट असेल तर ‘ना’ नाही, तिथे व द्वा राज़ा. तिसरं बहीण, ती इथे कर्त्याच्या जोडीची आहे म्हणून षष्ठी चालते. मग वाक्य झालं: मोय ब्रात ना द्वा गोदा स्तार्शे मोयेय सेस्त्री. चेमने केलं तर शेवटी चेम मोया सेस्त्रा. आणि नामाच्या जागी सर्वनाम आलं, जसं ती त्याच्यापेक्षा मोठी आहे, तर ओना स्तार्शे येवो. इथे न्येवो लिहू नका, तो जादाचा ‘न’ शब्दयोगी अव्ययानंतर येतो, तुलनेच्या रूपानंतर प्रमाण भाषेत येत नाही. बोलताना रशियन लोकांकडूनही न्येवो ऐकू येतं म्हणून फसायला होतं, लिखाणात टाळा.

आता लांब रूप, म्हणजे ‘अधिक’ या अर्थाचा बोलेये आणि त्यानंतर पूर्ण विशेषण. हे कधी लागतं? छोटं रूप (दोरोझे, स्तार्शे वगैरे) चालवता येत नाही, त्याला लिंग नाही, विभक्ती नाही, त्यामुळे ते ‘आहे’च्या जागी छान बसतं. पण तुलनेचं विशेषण नामाच्या आधी बसून नामाबरोबर विभक्ती बदलणार असेल तर लांबच लागतं. तो माझ्यापेक्षा जुन्या घरात राहतो: ओन झिव्योत व बोलेये स्तारोम दोमे, चेम या. बोलेये जसाच्या तसा, स्तारोम मात्र घराबरोबर चालला. आणि बोलेये आला की षष्ठीचा रस्ता बंद, चेम एवढाच पर्याय.

इथे दोन चुका हमखास दिसतात. एक, दोन्ही रूपं एकत्र, बोलेये दोरोझे किंवा बोलेये लुच्शे. हे ‘जास्त अधिक महाग’सारखं डबल होतं, रशियन शाळेतही मुलांच्या वहीत यावर लाल रेघ येते. दुसरी, ‘जास्त’ म्हणजे बोल्शे असं डोक्यात बसलेलं असतं म्हणून बोल्शे दोरोगोय. विशेषणाला बोलेये, बोल्शे हे प्रमाणाला आणि क्रियापदाला, जास्त पैसे, जास्त आवडतं असं. चांगल्याचं लांब रूप हवं असेल तर बोलेये होरोशी न करता लुच्शी वापरा, तो स्वतःच चालतो, तसाच वाईटाला हुद्शी.

‘सगळ्यात’साठी सामी सोपा आहे, फक्त तो बोलेयेसारखा गप्प बसत नाही, विशेषणाबरोबर तोही चालतो: सगळ्यात मोठ्या शहरात म्हणजे व सामोम बोल्शोम गोरोदे. सामी लुच्शी चालतं, डबल वाटलं तरी रूढ आहे, पण -एयशी, -आयशी शेवट असलेल्या रूपाला सामी जोडू नका, सामी क्रासीवेयशी हे चूक.

क्रियापदाबरोबर ‘सगळ्यात जास्त’ आलं तर व्सेवो आणि व्सेह यातला फरक बघा. मला सगळ्यात जास्त चहा आवडतो, याचं या बोल्शे व्सेवो ल्यूब्ल्यू चाय, म्हणजे बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा चहा. व्सेह घातलं की या बोल्शे व्सेह ल्यूब्ल्यू चाय, म्हणजे बाकी सगळ्या माणसांपेक्षा मलाच चहाचं वेड जास्त. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, त्यामुळे तपासणाऱ्याच्या नजरेतूनही ही चूक सहज निसटते, आणि चहाऐवजी आई आली की व्सेहसुद्धा ‘सगळ्या माणसांमध्ये आई’ या अर्थाने चालतं, म्हणून इथे नुसता नियम न लावता ‘सगळ्यात’ म्हणजे कुणात, वस्तूंत की माणसांत, हे मराठी वाक्यातच आधी ठरवून घ्या.