फ्लूनंतर रुग्णाला घरी नेलंत, आता पहिला आठवडा कसा सांभाळायचा?

डिस्चार्ज मिळाला म्हणजे ऑक्सिजनशिवाय नीट श्वास चालतोय आणि तोंडावाटे औषध घेता येतंय, एवढंच. आजार पूर्ण संपलेला नसतो. पुढचा आठवडाभर घरच्यांपैकी कोणीतरी एकानेच वहीत नोंदी ठेवाव्यात. चारजण लक्ष ठेवतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने बघितलं असेल.

एक उदाहरण घेऊ. वय ६६, मधुमेह, इन्फ्लुएन्झा ए. शुक्रवारी सकाळी फ्लूच्या विषाणूवरचं औषध ऑसेल्टामिविर सुरू झालं आणि सोमवारी दुपारी घरी सोडलं.

आधी गोळ्यांचा हिशेब करा. मोठ्या माणसासाठी नेहमीचा कोर्स म्हणजे ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे एकूण दहा. सोमवार सकाळपर्यंत सात झाल्या. उरल्या तीन: सोमवारी रात्री, मंगळवारी सकाळी आणि रात्री. ताप नाही म्हणून त्या ठेवून देऊ नका. मळमळत असेल तर दोन घास खाऊन घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांचा डोस वेगळा असतो, तो डिस्चार्ज कार्डावर लिहिलाय तसाच द्यायचा.

तापासाठी पॅरासिटामॉल ६५० लिहून दिलं असेल, तर दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवा आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त देऊ नका. चूक होते ती इथे: घरातली सर्दीची गोळीही सोबत दिली जाते आणि तिच्यातही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. यकृताचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

मधुमेहाची औषधं आपल्या मनाने बंद करू नका. पण जेवण जात नसेल तर इन्सुलिन किंवा गोळी किती द्यायची ते फोन करून विचारा. पेज, मुगाचं कढण, ताक, जे उतरेल ते थोडं थोडं द्या. लघवी फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरेसं जातंय. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाण्याची मर्यादा आखून दिली असेल तर तीच पाळा.

दिवसातून तीनदा तीन आकडे लिहा: ताप, ऑक्सिजन, श्वास. ताप पॅरासिटामॉल देण्याआधी बघा, नाहीतर गोळीने झाकलेला आकडा मिळतो. ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं बसवून ठेवा. बोट गार असेल तर चोळून गरम करा, नेलपॉलिश पुसा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. लावताक्षणी दिसलेला ८८ बऱ्याचदा खोटा असतो.

श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका, सांगितलं की तो वेगळा श्वास घेतो. नाडी बघताय असं भासवून मनगट धरा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसात १२ ते २० ठीक.

खोकला दोन-तीन आठवडे टिकू शकतो आणि संडासला जाऊन आल्यावरही थकवा वाटतो. एवढ्यावरून घाबरू नका. मात्र दिवसभर झोपवूनही ठेवू नका, दर दोन तासांनी घरातल्या घरात चालवा.

आता खरी धोक्याची खूण. आपल्या रुग्णाचा ताप बुधवारी गेला. गुरुवारी ९९. शुक्रवारी पुन्हा १०१, कफ पिवळट-तांबूस, श्वास २६, ऑक्सिजन ९२. घरचे म्हणतात, ‘फ्लू अजून अंगात आहे.’ पण उतरलेला ताप असा परत चढतो, तेव्हा विषाणूने दुबळ्या केलेल्या फुफ्फुसात जिवाणूंचा न्यूमोनिया झाल्याची शंका घ्यायची असते. त्याला ऑसेल्टामिविर चालत नाही, अँटिबायोटिक लागतं आणि आधी तपासणी. घरात उरलेलं जुनं अँटिबायोटिक सुरू करू नका, वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्या.

ऑक्सिजन ९४ च्या खाली येऊन पुन्हा मोजल्यावरही तसाच असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ९२ किंवा त्याहून कमी, श्वास ३० च्या पुढे, छातीत दुखणं, ओठ निळसर, गोंधळून बोलणं किंवा सतत पेंगणं, दहा-बारा तास लघवी नाही, यांपैकी काहीही एक दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. वयस्कर माणसात ताप न येता नुसता गोंधळही दिसू शकतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर तेही लगेच दाखवा.

हे आकडे मोठ्यांसाठी आहेत. लहान मुलांच्या श्वासाची गणना वयानुसार वेगळी असते, आणि फ्लूमध्ये मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीच द्यायचं नाही.

परत जाताना डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची पाकिटं आणि नोंदींची वही सोबत घ्या. रुग्णाला मास्क लावा आणि दारातच सांगा: ‘फ्लूसाठी इथे दाखल होते, ताप गेला होता, दोन दिवसांनी परत आलाय.’