गेल्या आठवड्यापासूनची सुरमई: इंग्रजीत काळवेळ कशी सांगावी

तारकर्लीला आमच्या शेजारच्या वहिनी होमस्टे चालवतात. खोल्या चार, जेवण घरचं. गोष्ट २०२४च्या ऑगस्टमधली. लंडनहून येणाऱ्या एका कुटुंबाने तिथे बुकिंग केलं होतं आणि १३ ऑगस्टला, मंगळवारी दुपारी, वहिनींनी त्यांना मोबाइलवर इंग्रजीत निरोप पाठवला. मी तो इथे देवनागरीत जसाच्या तसा देतो.

“यस्टरडे नाइट करंट वेंट. टुडे मॉर्निंग वायरमन केम. पंप इज नॉट वर्किंग फ्रॉम लास्ट वीक, बट डोन्ट वरी. वी आर सर्व्हिंग सुरमई फ्रॉम लास्ट वीक.”

तासाभरात पाहुण्यांचं उत्तर आलं. आम्हाला ताजी मासळी मिळेल ना, असं त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं होतं. वहिनी फोन घेऊन माझ्याकडे आल्या. “ह्यात काय चुकला? ताजीच तर देतंव!” त्यांचं खरं होतं. त्या वर्षी यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद होती. बंदी उठली, समुद्र जरा निवळला आणि गेल्या आठवड्यात बाजारात सुरमई दिसू लागली. वहिनींना सांगायचं होतं की गेल्या आठवड्यापासून आम्ही पानात सुरमई वाढतो आहोत. पाहुण्यांनी वाचलं ते असं: आम्ही गेल्या आठवड्यातली सुरमई वाढतो.

या निरोपातल्या चारही वाक्यांत आपल्याकडच्या नेहमीच्या चुका आहेत, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत. यस्टरडे नाइट आणि टुडे मॉर्निंग यांचा अर्थ परदेशी माणसाला लगेच कळतो, फक्त कानाला खटकतो. फ्रॉम लास्ट वीक मात्र अर्थच बदलून टाकतं. म्हणून पहिल्या दोन पटकन उरकू आणि तिसरीपाशी थांबू.

आधी दिवसाचे प्रहर

मराठीत रचना सोपी आहे. आधी दिवस, मग प्रहर: काल रात्री, आज सकाळी, उद्या संध्याकाळी. सगळीकडे एकच साचा चालतो. इंग्रजीत उद्यासाठी हाच साचा आहे. टुमॉरो मॉर्निंग, टुमॉरो ईव्हनिंग, टुमॉरो नाइट हे सगळं बरोबर. कालसाठीही जवळपास तोच: यस्टरडे मॉर्निंग, यस्टरडे आफ्टरनून, यस्टरडे ईव्हनिंग. अपवाद एकच, रात्रीचा. काल रात्री म्हणजे लास्ट नाइट. जुन्या इंग्रजीत यस्टरनाइट असा शब्द होता, आज तो कोणी बोलत नाही.

आजसाठी मात्र टुडे हा शब्द प्रहराला चिकटतच नाही. त्याच्या जागी धिस येतो: धिस मॉर्निंग, धिस आफ्टरनून, धिस ईव्हनिंग. आज रात्री म्हणजे टुनाइट, धिस नाइट नव्हे. आज पहाटे म्हणायचं असेल तर अर्ली धिस मॉर्निंग. होडी पहाटे चारला सुटली असेल तर ती ॲट फोर धिस मॉर्निंग सुटली. रात्री दोनची वेळसुद्धा इंग्रजीत टू इन द मॉर्निंग होते. आपल्याला ती रात्र वाटते, त्यांच्या घड्याळाची सकाळ बारानंतर लागते.

इथे शिकणारे एक चूक हमखास करतात. लास्ट नाइट शिकवलं की त्याच चालीवर लास्ट मॉर्निंग म्हणतात. लास्ट मॉर्निंग ऐकून पाहुण्याला वाटेल, मुक्कामातली शेवटची सकाळ. काल सकाळी म्हणजे यस्टरडे मॉर्निंगच.

या शब्दांच्या आधी इन किंवा ऑन लावायचं नाही. पाहुणा रात्री जेवताना नुसतं इन द मॉर्निंग म्हणाला, तर तो उद्या सकाळबद्दल बोलतोय. वी विल लीव्ह इन द मॉर्निंग म्हणजे उद्या सकाळी निघणार, तेव्हा न्याहारी लवकर तयार ठेवायला हवी.

आता ‘पासून’

मराठीतला ‘पासून’ एकटा चार कामं करतो. पंप गेल्या आठवड्यापासून बंद आहे. दोन दिवसांपासून पाऊस आहे. मासेमारी १ ऑगस्टपासून सुरू झाली. सोमवारपासून खोली रिकामी असेल. आपण चारही ठिकाणी तोच प्रत्यय लावतो आणि इंग्रजीत चारही ठिकाणी फ्रॉम टाकतो. यातल्या शेवटच्या एकाच वाक्यात ते बरोबर आहे.

दुसरी अडचण क्रियापदाची. मराठीत “बंद आहे” हा साधा वर्तमानकाळ पुरतो. मागे सुरू झालेली आणि आत्ताही चालू असलेली गोष्ट सांगायला इंग्रजीला हॅज किंवा हॅव लागतं. तेव्हा शब्दही बदलायचा आणि क्रियापदही. एकच बदललं तर वाक्य अर्धवट राहतं, जसं पंप इज नॉट वर्किंग सिन्स लास्ट वीक. आपल्याकडे हे सर्रास ऐकू येतं.

लिहिण्याआधी स्वतःला क्रमाने तीन प्रश्न विचारा. मी वहिनींना हेच सांगितलं.

पहिला प्रश्न: गोष्ट अजून चालू आहे का? चालू असेल तर दुसऱ्या प्रश्नाकडे जा. सुरू होण्याचा क्षण एवढंच सांगायचं असेल, तर ‘पासून’ विसरा आणि साधा भूतकाळ वापरा. मासेमारी १ ऑगस्टपासून सुरू झाली याचं इंग्रजी फिशिंग स्टार्टेड ऑन द फर्स्ट ऑफ ऑगस्ट. स्टार्टेड फ्रॉम नव्हे, कारण सुरू होणं ही एका दिवशी घडून गेलेली घटना आहे. लास्ट वीक असेल तर ऑनसुद्धा नको: फिशिंग स्टार्टेड लास्ट वीक.

दुसरा प्रश्न: मी सुरुवातीची खूण सांगतोय की कालावधीची लांबी? गेला आठवडा, सोमवार, सकाळ, गणपती या खुणा. त्यांना सिन्स. दोन दिवस, तीन तास, पाच वर्षं ही लांबी. तिला फॉर. इट हॅज बीन रेनिंग सिन्स मंडे, पण इट हॅज बीन रेनिंग फॉर टू डेज. ओळखायची सोपी रीत म्हणजे त्या शब्दावर कॅलेंडरमध्ये बोट ठेवता येतं का ते बघायचं. सोमवारवर बोट ठेवता येतं. नुसत्या ‘दोन दिवस’वर येत नाही, कुठले दोन ते ठाऊक नसतं.

या खुणेच्या रीतीला एक मर्यादा आहे. गेले सात दिवस असं म्हणायचं असेल तर इंग्रजीत फॉर द लास्ट वीक येतं, आणि त्यातला द महत्त्वाचा. सिन्स लास्ट वीकमध्ये द नाही, तो कॅलेंडरमधला मागचा आठवडा. द लास्ट वीक म्हणजे आजपासून मागे मोजलेले सात दिवस.

तिसरा प्रश्न: गोष्ट पुढे सुरू होणार आहे का, किंवा तिला दोन्ही टोकं आहेत का? तिथे फ्रॉम हक्काने वापरा. द रूम इज फ्री फ्रॉम मंडे. द बोट्स वेअर नॉट फिशिंग फ्रॉम फर्स्ट जून टू थर्टी-फर्स्ट जुलै. इथे ‘पासून’च्या जोडीला ‘पर्यंत’ आहे, म्हणून फ्रॉम शोभतं.

मग सुरमईचं नक्की काय झालं? वेळेच्या शब्दाआधी फ्रॉम आलं आणि त्याच्या अगदी मागे एखादी वस्तू असली, की इंग्रजी वाचणारा ते दोन्ही एकत्र बांधतो. ब्रेड फ्रॉम यस्टरडे म्हणजे कालचा पाव. सुरमई फ्रॉम लास्ट वीक म्हणजे गेल्या आठवड्यातली सुरमई. वहिनींनी ‘पासून’ जोडला होता वाढण्याला, वाचणाऱ्याने तो जोडला माशाला. पंपाच्या वाक्यात असा घोटाळा झाला नाही, कारण तिथे वेळेच्या शब्दामागे वस्तू नव्हती, वर्किंग होतं. म्हणून आपलं वाक्य पुन्हा वाचताना फ्रॉमच्या डावीकडचा शब्द बघा. तो खाण्याचा पदार्थ, पत्र, वस्तू किंवा बातमी असेल तर जास्त सावध राहा.

सुरमईचं वाक्य दोन तऱ्हांनी दुरुस्त होतं. वी हॅव बीन सर्व्हिंग सुरमई सिन्स लास्ट वीक हे बरोबर आहे. मला मात्र दुसरी तऱ्हा जास्त आवडते: सुरमई केम बॅक टू द मार्केट लास्ट वीक, अँड वी बाय इट फ्रेश एव्हरी मॉर्निंग. यात ‘पासून’ला जागाच नाही आणि ताजेपणाही सांगून होतो. बाजार बंद असला की मासे मिळत नाहीत, तेव्हा एव्हरी मॉर्निंग खरं आहे का हे मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, सोमवारी आम्ही मासे करीतच नाही. मग ते वाक्य आम्ही बदललं आणि “आणतो त्याच दिवशी रांधतो” असं लिहिलं.

पूर्ण निरोप, दुरुस्त केलेला

“द पॉवर वेंट आउट लास्ट नाइट. अ वायरमन केम धिस मॉर्निंग अँड इट इज बॅक. द पंप हॅज बीन आउट ऑफ ऑर्डर सिन्स लास्ट थर्सडे, बट वी हॅव प्लेंटी ऑफ वॉटर फ्रॉम द वेल. सुरमई केम बॅक टू द मार्केट लास्ट वीक. वी कुक इट ऑन द डे वी बाय इट.”

मूळ निरोपात वीज आली की नाही हेच कळत नव्हतं, म्हणून इट इज बॅक घातलं. पंपाच्या पुढे नुसतं डोन्ट वरी होतं, त्यापेक्षा विहिरीचं पाणी आहे हे कळणं पाहुण्याला उपयोगी. लास्ट वीकच्या जागी लास्ट थर्सडे घेतलं, कारण पंप ८ ऑगस्टला, गुरुवारी बंद पडला हे वहिनींना पक्कं आठवत होतं.

एक गोष्ट त्यांनी स्वतः विचारली. हाच मजकूर दोन दिवसांनी वीज कार्यालयाच्या तक्रारीत घातला तर चालेल का? तसाच नाही चालणार. लास्ट नाइट आणि धिस मॉर्निंग हे शब्द लिहिण्याच्या दिवसाला बांधलेले असतात. १५ तारखेच्या अर्जात लास्ट नाइट म्हणजे १४ची रात्र होईल. तिथे ऑन द नाइट ऑफ ट्वेल्फ्थ ऑगस्ट असं लिहावं, आणि वायरमन आला त्या सकाळसाठी द नेक्स्ट मॉर्निंग. पंपाचा सिन्स मात्र, पंप अजून बंदच असेल तर, तारखेसह राहू द्यावा: सिन्स एट्थ ऑगस्ट.