बार चार्ट खालून कापलाय का, आणि कापला असेल तर खरा फरक किती, हे फूटपट्टीने कसं काढायचं

समजा तुमच्यासमोर एक चार्ट आलाय. तीन महिन्यांचे तीन बार, वर लिहिलंय "वेळेवर पोचलेली पार्सलं", आणि तिसरा बार पहिल्याच्या बरोब्बर दुप्पट उंच. बारच्या डोक्यावर आकडे आहेत, 61, 64 आणि 67 टक्के. डावीकडचा उभा अक्ष मात्र गायब, पुसूनच टाकलाय. आता आकडे नीट वाचले तर कळतं की 61 चे 67 झालेत, पण आधी डोळ्यात काय भरतं? दुप्पट! आणि पान उलटल्यावर डोक्यात तेच राहतं. (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण असे चार्ट तुम्ही ढिगाने पाहिले असणार.)

यात एकही आकडा खोटा नाहीये. फक्त बार शून्यापासून सुरू न होता मधूनच कुठूनतरी सुरू झालेत.

हे इतकं का खटकायला हवं ते आधी सांगतो. बार चार्टमध्ये रक्कम दाखवली जाते ती बारच्या लांबीने, म्हणजे तळापासून वरपर्यंत जेवढा रंग भरलाय तेवढा माल, असं आपण न शिकवता वाचतो. आता दोन माणसं कमरेएवढ्या नाही, चांगल्या उंच भिंतीआड उभी आहेत असं धरा, एक 150 सेंटीमीटर उंच, दुसरा 165, आणि भिंत 140 ची. भिंतीवर एकाचं 10 सेंटीमीटर डोकं दिसतंय, दुसऱ्याचं 25. दिसतंय त्यावरून ठरवलं तर दुसरा अडीचपट उंच! भिंतीने दोघांचं सारखंच झाकलंय, 140 आणि 140, पण जो मुळात बुटका त्याचं उरलं अगदीच थोडं. चार्टचा तळ वर सरकवला की नेमकं हेच होतं. दोन बारमधला फरक जिथल्या तिथे राहतो, 15 सेंटीमीटरचे 15 च, पण किती पट हे गणित पार बिघडतं.

आता कामाला लागू.

आधी तळाचा आकडा शोधा. अक्ष छापलेला असेल तर बार जिथून उगवतात तिथे काय लिहिलंय ते बघायचं, वरचा आकडा नाही, खालचा. शून्य असेल तर या बाबतीत काळजी नाही. 50, 80, 1200 असं काही असेल तर चार्ट कापलेला आहे. कधीकधी अक्षावर छोटी नागमोडी खूण असते, इथे मधला भाग गाळलाय असं सांगणारी. खूण केली हे बरंच केलं, पण बार तरी तेवढाच छोटा दिसतो ना, त्यामुळे मी ती खूण दिसली की चार्ट कापलेलाच धरतो आणि पुढे जातो.

अक्षच नसेल तर बार मोजा. ही पायरी फार कमी जणांना माहीत असते आणि हीच सगळ्यात कामाची आहे. बारवर आकडे लिहिलेले असतील तर लपवलेला तळ परत काढता येतो. चार्ट कागदावर असेल तर साधी फूटपट्टी लावा, स्क्रीनवर असेल तर स्क्रीनशॉट मोठा करून त्यावर पट्टी धरा, एकक काहीही चालेल फक्त सगळे बार एकाच मापाने मोजायचे. आपल्या चार्टमध्ये पहिला बार 24 मिलिमीटर भरला आणि तिसरा 48.

आता गणित. आकड्यांतला फरक 67 वजा 61, म्हणजे 6. उंचीतला फरक 48 वजा 24, म्हणजे 24 मिलिमीटर. म्हणजे एका टक्क्याला 4 मिलिमीटर. पहिला बार 24 मिलिमीटरचा आहे, म्हणजे त्यात फक्त 6 टक्के मावलेत, पण वर तर 61 लिहिलंय, मग उरलेले 55 कुठे गेले? ते जमिनीखाली आहेत. तळ 55 वर आहे.

```
एका एककाची उंची = (48 - 24) / (67 - 61) = 4
तळ = 61 - 24 / 4 = 55
```

उत्तर शून्याच्या आसपास आलं तर चार्ट सरळ आहे, एखाद मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. फक्त लक्षात ठेवा, दोन बार जवळजवळ सारख्याच उंचीचे असतील तर त्या एका मिलिमीटरने उत्तर बरंच हलतं, म्हणून नेहमी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा बार घ्यायचा. थ्रीडी बार असतील तर पुढची कडच मोजायची, मागची तिरपी कड विसरून जा.

तिसऱ्या बारने ताळा करा. मधला बार 64 चा आहे. तळ 55 असेल तर त्यात 9 टक्के दिसायला हवेत, म्हणजे 36 मिलिमीटर. पट्टी लावली आणि 36 च्या आसपास भरला तर तुमचं गणित बरोबर. समजा तो 28 च भरला, तर मग प्रकरण वेगळं आहे, अक्ष नुसता कापलेला नाही तर बार हाताने, अंदाजाने काढलेत, आणि अशा चित्राला चार्ट म्हणायचीच गरज नाही. त्यातले फक्त आकडे वाचायचे.

आता दोन गुणोत्तरं शेजारी लिहा. दिसतंय ते: 48 भागिले 24, दुप्पट. आहे ते: 67 भागिले 61, साधारण 1.1 पट. म्हणजे चित्र सांगतंय 100 टक्के वाढ आणि आकडे सांगतायत जेमतेम 10 टक्के. या दोन वाढींचा भागाकार करायची युक्ती अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड टफ्टी यांनी 1983 मध्ये मांडली, त्याला लाय फॅक्टर म्हणतात. आपल्या चार्टचा तो 10 च्या थोडा वर येतो, प्रामाणिक चार्टचा 1 च्या जवळ असतो.

इथे जरा थांबून एक खेळ करून बघा, कारण यातच सगळी मेख आहे. आकडे तेच 61 आणि 67, फक्त तळ हलवत जायचा. तळ 0 ठेवला तर तिसरा बार पहिल्याच्या 1.1 पट. तळ 50 केला तर उरले 11 आणि 17, दीडपटीच्या वर. 55 ला दुप्पट. 58 ला 3 आणि 9, तिप्पट. 60 ला 1 आणि 7, सातपट! आणि 61 केला तर पहिला बार नाहीसाच होतो, मग कितीही पट म्हणा. म्हणजे चार्ट काढणाऱ्याला जी पट हवी असेल ती मिळते, डेटाला हातही न लावता. म्हणूनच कापलेल्या बारवरून "किती पट" हा प्रश्न विचारायचाच नाही, "किती फरक" एवढंच विचारायचं, कारण ते मात्र त्यातून खरं कळतं.

आणि हो, "मला माहितीये ना, मी नाही फसणार" असं वाटत असेल तर ते तितकंसं खरं नाहीये. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना आधीच समजावून सांगितलं होतं की असे कापलेले चार्ट दिशाभूल करतात, तरी परिणाम कमी झाला पण गेला नाही. म्हणून मी नुसतं बघून सोडत नाही, वर सांगितलेलं मोजतो, नाहीतर निदान बारखाली बोटाने उरलेला भाग काढून बघतो. आपल्या उदाहरणात पहिल्या बारखाली 55 गुणिले 4, म्हणजे 220 मिलिमीटर गाडलेत. एकदा ते बोट टेबलावरून तेवढं खाली नेऊन बघाच.

स्वतः चार्ट काढताना बहुतेक वेळा लबाडी नसतेच, सॉफ्टवेअर करतं. एक्सेलमध्ये सगळ्यात लहान आकडा सगळ्यात मोठ्याच्या साधारण पाच षष्ठांशापेक्षा जास्त असला की ते अक्ष आपणहून शून्याच्या वरून सुरू करतं. 61 हे 67 च्या पाच षष्ठांशापेक्षा जास्त आहे, म्हणजे आपला डेटा नुसता टाकून चार्ट काढला तरी तो कापलेलाच येणार. माझाच एक रिपोर्ट असा गेलाय, मीटिंगमध्ये सगळे खूश झाले आणि मला दोन दिवसांनी कळलं की का. उपाय सोपा आहे: उभ्या अक्षावर राइट क्लिक, `Format Axis`, मग `Bounds` मध्ये `Minimum` ला 0 लिहायचं. शेजारचं `Auto` जाऊन `Reset` आलं की समजायचं आकडा पक्का बसला. पायथनमध्ये matplotlib चे बार मुळात शून्यापासूनच येतात, कोणी मुद्दाम `ylim` लावला असेल तरच कापलेले मिळतात.

शून्य लावल्यावर तिन्ही बार जवळजवळ सारखे दिसतात आणि मग साहेब म्हणतात फरक दिसत नाहीये. दिसत नाहीये कारण तो लहान आहे! पण कधीकधी लहान फरकच महत्त्वाचा असतो हेही खरं, ताप 37 वरून 39 वर गेला तर शून्यापासूनच्या बारमध्ये काहीच कळणार नाही आणि माणूस मात्र फणफणलेला असतो. अशा वेळी बार कापू नका, बार सोडा. ठिपके किंवा रेघ वापरा, कारण तिथे डोळा लांबी मोजत नाही, जागा आणि चढ बघतो, आणि अक्ष 35 पासून सुरू केला तरी चालतो, आकडे स्पष्ट लिहिले म्हणजे झालं. तसंही सेल्सिअसचं शून्य म्हणजे "उष्णता अजिबात नाही" असं नव्हे, 20 अंश हे 10 अंशांच्या दुप्पट गरम नसतात, त्यामुळे तापमानाला बार मुळातच शोभत नाही. दुसरा रस्ता म्हणजे फरकाचाच बार काढायचा, पहिल्या महिन्यापेक्षा किती वाढ: 0, 3, 6. हा शून्यापासून सुरू होतो, दुप्पट दिसला तर खरंच दुप्पट असतो, फक्त शीर्षकात "पार्सलं" न लिहिता "पार्सलांच्या टक्केवारीत झालेली वाढ" असं लिहायचं.

टक्केवारी असेल तेव्हा अजून एक गोष्ट मी करून बघतो, उलटी बाजू. 61 टक्के वेळेवर म्हणजे 39 टक्के उशिरा, 67 वेळेवर म्हणजे 33 उशिरा. आता उशिराच्या पार्सलांचा चार्ट शून्यापासून काढला तर तो 15 टक्क्यांची घट दाखवतो, वेळेवरचा 10 टक्क्यांची वाढ दाखवतो, आणि दोन्ही सरळ, न कापलेले चार्ट आहेत. ज्याचं पार्सल अडकलंय त्याला दुसरा चार्ट जास्त जवळचा वाटेल.